‘यात एटीपी कुठे आहे?’ – फेरतपासणीचं पत्र मॅडमना कसं लिहावं

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अंतर्गत परीक्षेत ‘ॲक्टिव्ह ट्रान्सपोर्ट सोदाहरण स्पष्ट करा’ हा ८ गुणांचा प्रश्न होता. मला ३ मिळाले. समासात व्याख्येला ½, सोडियम-पोटॅशियम पंपाला २½ आणि दुसऱ्या उदाहरणाला ० असं लिहिलंय. माझी व्याख्या अशी होती : ‘एटीपी वापरून पदार्थ पेशीपटलापार नेणे म्हणजे ॲक्टिव्ह ट्रान्सपोर्ट.’ पंपात मी २ सोडियम बाहेर आणि ३ पोटॅशियम आत असं लिहिलं, त्या आकड्यांना गोल केलाय. दुसरं उदाहरण असं लिहिलं होतं : ‘लहान आतड्याच्या पेशीत ग्लुकोज एसजीएलटी या वाहकातून सोडियमसोबत येतो. बाहेर सोडियम जास्त असल्याने तो आत येताना ग्लुकोजला कमी संहतीकडून जास्त संहतीकडे ओढून आणतो. याला ऊर्जा लागत नाही. नंतर ग्लुकोज रक्तात जातो.’ यावर मॅडमनी तिरकी रेघ मारली आहे, ‘ऊर्जा लागत नाही’च्या खाली दोनदा रेघ ओढली आहे आणि शेजारी लिहिलंय : ‘यात एटीपी कुठे आहे? हे फॅसिलिटेटेड डिफ्यूजन.’ पण आमच्या पुस्तकात हे उदाहरण ॲक्टिव्ह ट्रान्सपोर्टमध्येच आहे! मला फेरतपासणीचं पत्र लिहायचंय. मॅडमना उद्धट वाटू नये, पण गुण मिळावेत. कसं लिहू?

उत्तर : पत्र लिही, तुझी बाजू लंगडी नाही. पण जेवढी भक्कम तुला वाटते आहे तेवढीही ती नाही, आणि पत्राचा सूर त्यावरच ठरेल.

उदाहरण तू बरोबर निवडलंस. आतड्यातल्या एसजीएलटी-१ मधून ग्लुकोज आत येणं हे सेकंडरी ॲक्टिव्ह ट्रान्सपोर्टचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण आहे. त्याला फॅसिलिटेटेड डिफ्यूजन म्हणणं चूक आहे. पण मॅडमनी ते कापलं त्याचं कारण तुझ्याच उत्तरात आहे. व्याख्येत तू म्हणालीस की एटीपी वापरला तरच ॲक्टिव्ह. पुढे उदाहरण दिलंस त्यात एटीपी नाही, वर स्वतःच लिहिलंस की ऊर्जा लागत नाही. तपासणाऱ्याने तुझीच व्याख्या तुझ्याच उदाहरणाला लावली तर तेच उत्तर येतं जे मॅडमनी समासात लिहिलं. त्यामुळे ‘तुमचं चुकलं, पुस्तक बघा’ असं पत्र गेलं तर त्या उत्तरपत्रिका उघडतील, ते तीन शब्द दाखवतील आणि विषय तिथेच मिटेल.

फेरतपासणी होते ती उत्तरपत्रिकेवर जे लिहिलेलं आहे त्याची. तुला आज जे समजलंय त्याची नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पत्रात काय घालायचं आणि काय नाही हे आपोआप ठरतं. म्हणून आधी तुझ्या चार वाक्यांची नीट उलटतपासणी करू.

पहिलं वाक्य बरोबर आहे. एसजीएलटी-१ एका फेरीत २ सोडियम आणि १ ग्लुकोज आत आणतो. हा आकडा तू दिला नाहीस, दिला असतास तर बरं झालं असतं, पण त्यावाचून वाक्य चुकत नाही.

दुसरं वाक्य हा तुझा सगळ्यात मोठा आधार. ‘कमी संहतीकडून जास्त संहतीकडे’ हे शब्द तू लिहिले आहेस. फॅसिलिटेटेड डिफ्यूजनमध्ये वाहक असतो, पण तो पदार्थाला त्याच्या संहतीच्या उताराविरुद्ध नेऊच शकत नाही. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की निव्वळ वाहतूक थांबते. चढावर नेणं हीच ॲक्टिव्हची खूण, आणि ती तू नुसती नोंदवली नाहीस, ताकद कुठून येते तेही सांगितलंस : बाहेर जास्त असलेल्या सोडियमकडून. सेकंडरी ॲक्टिव्ह ट्रान्सपोर्टचा गाभा या एका वाक्यात आला आहे. नाव तेवढं लिहायचं राहिलं.

तिसरं वाक्य, ‘याला ऊर्जा लागत नाही’, हे चूकच आहे. त्याचं समर्थन करायला जाऊ नकोस. ऊर्जा लागते, ती सोडियमच्या ग्रेडियंटमधून येते, आणि तो ग्रेडियंट टिकवायला पेशीच्या रक्ताकडच्या बाजूचा सोडियम-पोटॅशियम पंप सतत एटीपी खर्च करत असतो. तुला म्हणायचं होतं ‘एटीपी थेट लागत नाही’. मॅडमनी दोनदा अधोरेखित केलं आहे ते नेमकं हेच वाक्य, म्हणजे त्यांचा आक्षेप इथे आहे. आतड्याचं उदाहरण त्यांना मुळातच अमान्य आहे असं त्यातून सिद्ध होत नाही.

चौथ्या वाक्याकडे तुझं लक्ष गेलेलं दिसत नाही. ‘नंतर ग्लुकोज रक्तात जातो’ ही वेगळी पायरी आहे. आतड्याच्या पेशीला दोन तोंडं असतात : एक अन्नाकडे, एक रक्ताकडे. अन्नाच्या बाजूला एसजीएलटी-१ असतो. रक्ताच्या बाजूला ग्लूट-२ नावाचा वाहक असतो, आणि तिथून ग्लुकोज बाहेर पडतो तो खरोखरच फॅसिलिटेटेड डिफ्यूजनने. म्हणजे मॅडमचा शेरा तुझ्या शेवटच्या वाक्याला तंतोतंत लागू आहे. तू दोन्ही पायऱ्या एका दमात लिहिल्यास, कोणती कुठल्या बाजूला हे सांगितलं नाहीस, आकृतीही नाही. उत्तरपत्रिका पुन्हा हातात घे आणि शेऱ्याचा बाण किंवा कंस कुठून निघतो ते बघ. तो चौथ्या वाक्यापाशी असेल तर त्यांना तेवढंच म्हणायचं असण्याची शक्यता आहे. चारही वाक्यांना कवेत घेत असेल तर तुझी विनंती रास्त आहे.

आता किती गुण मागायचे? समासातल्या आकड्यांवरून उरलेल्या गुणांचा अंदाज येतो, पण नक्की वाटणी मॅडमच्या आदर्श उत्तरातच असणार. व्याख्येला अर्धाच गुण मिळाला तो योग्यच, कारण ‘संहतीच्या उताराविरुद्ध’ हे शब्दच तिथे नाहीत. पंपाचे आकडे तू उलटे लिहिलेस. खरं आहे ते ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत, एका एटीपीमागे. हा नुसता पाठांतराचा आकडा नाही. तीन धन प्रभार बाहेर आणि दोन आत, म्हणजे प्रत्येक फेरीला एक धन प्रभार बाहेर जातो. तुझ्या आकड्यांनी तो आत येईल. म्हणून गोल केला, आणि त्यासाठी कापलेले गुण मागू नकोस. तुझा दावा दुसऱ्या उदाहरणाच्या शून्यापुरता ठेव. तिथेही पूर्ण गुण नाही, अंशतः गुण. दुसरं उदाहरण तीन गुणांचं धरलं, तर त्यातले दीड-दोन मिळाले की योग्य तेवढं मिळालं असं समज. दावा लहान असला की तो मान्य करणं समोरच्याला सोपं जातं, शिवाय सगळं उत्तर पुन्हा बारकाईने वाचलं गेलं तर इतरत्र सुटलेली एखादी चूक सापडून गुण कमीही होऊ शकतात.

एक गोष्ट आधी खात्री करून घे : ही परीक्षा अंतर्गतच होती ना? अंतर्गत असेल तर तपासणाऱ्या शिक्षकांनाच लिहायचं, आणि गुण विद्यापीठाकडे भरण्याची तारीख उलटायच्या आत. ती तारीख विभागाच्या कार्यालयात विचारून घे, कारण एकदा गुण भरून कुलूपबंद झाले की मॅडमची इच्छा असली तरी त्यांचा हात पोचत नाही. सत्रान्त परीक्षेची उत्तरपत्रिका असती तर मार्ग अगदी वेगळा : परीक्षा विभागाकडे आधी छायाप्रतीसाठी, मग पुनर्मूल्यांकनासाठी मुदतीत शुल्क भरून अर्ज. तिथे ओळखीच्या प्राध्यापकांना पत्र लिहिणं गैर ठरतं.

पत्राचा मसुदा देतो. विभागात इंग्रजीतून व्यवहार चालत असेल तर इंग्रजीत कर, क्रम हाच ठेव.

> प्रति,
> आदरणीय मॅडम,
> प्राणिशास्त्र विभाग
>
> विषय : अंतर्गत परीक्षेतील प्रश्न क्र. __ (ॲक्टिव्ह ट्रान्सपोर्ट), दुसरे उदाहरण पुन्हा पाहण्याबाबत विनंती
>
> सादर नमस्कार.
>
> मी द्वितीय वर्ष बी.एस्सी., हजेरी क्रमांक __. दिनांक __ रोजीच्या अंतर्गत परीक्षेत वरील प्रश्नाला मला ८ पैकी ३ गुण मिळाले आहेत. आपले शेरे वाचून मी उत्तर पुन्हा पडताळले.
>
> माझ्या उत्तरात पुढील चुका आहेत : व्याख्येत ‘संहतीच्या उताराविरुद्ध’ हा मुद्दा राहिला, पंपाचे आकडे उलटे लिहिले गेले, आणि दुसऱ्या उदाहरणात ‘याला ऊर्जा लागत नाही’ हे विधान चुकीचे आहे. या ठिकाणी कमी झालेल्या गुणांबाबत माझे काहीही म्हणणे नाही.
>
> माझी विनंती दुसऱ्या उदाहरणातील पहिल्या दोन वाक्यांपुरती आहे (पान __, ओळ __ ते __). तेथे मी लिहिले आहे : ‘बाहेर सोडियम जास्त असल्याने तो आत येताना ग्लुकोजला कमी संहतीकडून जास्त संहतीकडे ओढून आणतो.’ एसजीएलटीद्वारे होणारी ही वाहतूक नेमलेल्या पुस्तकात (आवृत्ती __, पान __) सेकंडरी ॲक्टिव्ह ट्रान्सपोर्ट म्हणून दिली आहे. पेशीतून रक्तात जाण्याची पायरी मात्र फॅसिलिटेटेड डिफ्यूजन आहे. ती मी वेगळी दाखवायला हवी होती.
>
> या दोन वाक्यांना अंशतः गुण देता येतील का, हे आपण कृपया पाहावे. माझ्या समजुतीत चूक असल्यास आपल्या सोयीच्या वेळी येऊन समजून घेईन.
>
> सोबत : उत्तरपत्रिकेतील संबंधित पानाची प्रत, पुस्तकातील पानाची प्रत.
>
> आपली विद्यार्थिनी,
> (नाव, हजेरी क्रमांक, दिनांक)

यात दोन-तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. चुका आधी आल्या आहेत, आणि मोघम ‘काही चुका असतील’ अशा नाहीत, नेमक्या आहेत. त्यामुळे पुढचा दावा वाचताना मॅडमना तुझ्याशी वाद घालायची गरज उरत नाही, फक्त दोन वाक्यं वाचायची राहतात. तुझं वाक्य जसंच्या तसं अवतरणात आहे. तिथे एक शब्दही सुधारून लिहू नकोस, कारण प्रत सोबत आहे आणि फरक लगेच दिसेल. ग्लूट-२ची पायरी स्वतःहून मान्य केली आहे, म्हणजे त्यांचा शेरा कुठे बरोबर होता हे तुला कळलंय असं दिसतं. ‘मला दोन गुण द्या’ असा आकडा पत्रात नाही. तो त्यांनी ठरवायचा.

पुस्तक निवडताना अभ्यासक्रमाच्या संदर्भग्रंथांच्या यादीतलंच घे. इंटरनेटवरच्या चित्राची प्रत लावू नकोस, कोचिंगच्या नोट्स तर नकोतच. पानावर ‘सेकंडरी ॲक्टिव्ह’ हे शब्द आणि ग्लुकोज-सोडियमचं उदाहरण दोन्ही एकत्र असतील तेच पान निवड आणि त्या ओळींना पेन्सिलीने खूण कर. काही प्राथमिक पुस्तकांत ॲक्टिव्ह ट्रान्सपोर्टची व्याख्याच ‘एटीपी वापरून’ अशी दिलेली असते. तुझी व्याख्या बहुधा तिथूनच आली असावी. तसलं पान चुकून जोडलंस तर स्वतःच्या विरोधात पुरावा दिल्यासारखं होईल.

ओआरएसचं उदाहरण पत्रात किंवा बोलण्यात घालायचा मोह होईल, कारण साखर आणि मीठ एकत्र का द्यायचं याचं स्पष्टीकरण हाच वाहक आहे. तिथे जपून. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या ओआरएसमध्ये लिटरमागे ७५ मिलिमोल ग्लुकोज असतं. रक्तात ते उपाशीपोटी साधारण ५ असतं. म्हणजे ओआरएस प्यायल्यावर आतड्यात ग्लुकोज रक्तापेक्षा कितीतरी जास्त असतं. ‘मग चढ कुठे आहे?’ असा प्रश्न मॅडमनी विचारला तर तू अडकशील. ओआरएसमधून सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत येतात हे दिसतं, ग्लुकोज चढावर जातो हे दिसत नाही.

चढ दाखवायचा असेल तर मूत्रपिंडाचं उदाहरण हाताशी ठेव. गाळून आलेल्या द्रवात ग्लुकोज रक्ताइतकाच असतो. नलिकेच्या पहिल्या भागातून तो पुढे सरकताना एसजीएलटी-२ आणि त्यापुढे एसजीएलटी-१ त्यातला ग्लुकोज उचलत जातात, आणि निरोगी माणसाच्या लघवीत तपासणीच्या पट्टीला दिसेल इतकाही ग्लुकोज उरत नाही. नलिकेत जवळजवळ काहीच नाही आणि रक्तात ५, तरीही ग्लुकोज नलिकेतून रक्ताकडेच चालला आहे. नुसत्या फॅसिलिटेटेड डिफ्यूजनने हे होणं शक्य नाही.

पत्र दिल्यावर मॅडम तुला बोलावतील आणि समासातला प्रश्न तोंडी विचारतील असं धरून चाल. तिथे पत्रापेक्षा जास्त लागेल, कारण त्यांना बघायचं असेल की तू समजून लिहिलंस की पुस्तकातून उचललंस. उत्तर असं बांध.

एटीपी एसजीएलटीपाशी नाहीच. तो पेशीच्या दुसऱ्या बाजूला, पंपापाशी आहे. पंप सोडियम बाहेर फेकत राहतो म्हणून पेशीत सोडियम कमी राहतो : आत साधारण १२ मिलिमोल, बाहेर १४५ च्या आसपास. हा सुमारे १२ पटींचा फरक झाला. त्यातच पेशीची आतली बाजू ऋण असते. पटलावर ६० मिलिव्होल्ट धरले तर धन प्रभाराच्या सोडियमवर ती ओढ शरीराच्या तापमानाला आणखी सुमारे साडेनऊ पटींच्या संहतीफरकाइतकी पडते. दोन्हींचा गुणाकार केला की एका सोडियममागे सुमारे ११३ पट ताकद मिळते. एसजीएलटी-१ दोन सोडियम वापरतो, म्हणून ११३ गुणिले ११३, म्हणजे जवळपास १२,८०० पट. याचा अर्थ, तत्त्वतः हा वाहक ग्लुकोजला बाहेरच्यापेक्षा हजारो पट जास्त संहतीपर्यंत आत साठवू शकतो. प्रत्यक्षात तेवढा साठत नाही, कारण ग्लूट-२ मधून तो रक्तात निघून जात असतो. ही सैद्धान्तिक कमाल आहे हे बोलताना सांगायला विसरू नकोस. नाहीतर पेशीत खरंच १२,८०० पट ग्लुकोज असतो असं तू म्हणालीस असं होईल.

याच हिशोबातून कळतं की मूत्रपिंडात एक सोडियम वापरणारा एसजीएलटी-२ आधी का आणि दोन वापरणारा एसजीएलटी-१ नंतर का. सुरुवातीला ग्लुकोज भरपूर असतो, तिथे शंभर पटींची ताकद पुरते. शेवटचे कण उचलायला मोठी ताकद लागते. हे विचारलं नाही तर सांगू नकोस, पण माहीत असू दे.

‘एटीपीशी संबंध आहे याला पुरावा काय?’ असं त्यांनी खोदून विचारलं तर दोन प्रयोग सांग. पहिला औबेनचा. हे रसायन सोडियम-पोटॅशियम पंप बंद करतं, एसजीएलटीला हात लावत नाही. तरीही औबेन घातल्यावर ग्लुकोजचं शोषण हळूहळू मंदावतं, कारण पंप थांबल्यावर पेशीत सोडियम साठतो आणि ग्रेडियंट ओसरतो. याउलट फ्लोरिझिन थेट एसजीएलटीला अडवतं, म्हणून त्याचा परिणाम लगेच दिसतो. ‘हळूहळू’ आणि ‘लगेच’ या फरकातच अप्रत्यक्ष आणि प्रत्यक्ष संबंधाचं उत्तर आहे.

दुसरा प्रयोग तुझ्या बाजूने जास्त वजनदार आहे. आतड्याच्या पेशीचं अन्नाकडचं पटल वेगळं काढून त्याच्या लहान बंद पिशव्या करतात. आत एटीपी नाही, पंप नाही. बाहेर सोडियम जास्त ठेवला तर थोड्या वेळासाठी पिशवीतला ग्लुकोज बाहेरच्यापेक्षा जास्त होतो, आणि सोडियम दोन्हीकडे सारखा झाला की तो पुन्हा खाली येऊन बाहेरच्याइतका होतो. बाहेर सोडियमऐवजी पोटॅशियम ठेवलं तर ही तात्पुरती उसळी दिसत नाही. म्हणजे एटीपी त्या जागी नसतानाही चढावरची वाहतूक झाली, आणि ती सोडियमच्या फरकाइतकाच वेळ टिकली. ‘यात एटीपी कुठे आहे?’ याला याहून नेमकं उत्तर नाही.

ही कल्पना मांडली कुणी असं विचारलं तर रॉबर्ट क्रेन, १९६०, प्राग इथली परिषद. सोडियम-पोटॅशियम पंपाचा शोध येन्स स्कोऊ यांनी १९५७ साली खेकड्याच्या पायांतल्या चेतातंतूंवर काम करताना जाहीर केला आणि त्यासाठी त्यांना १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमधला वाटा मिळाला. नावं एका वाक्यात सांगून थांब. तिथे व्याख्यान द्यायला जाऊ नकोस.

हे सगळं तोंडी. यातलं काहीही पत्रात घालू नकोस. औबेन आणि पिशव्या तू परीक्षेत लिहिल्या नव्हत्यास, त्यावर गुण मिळणार नाहीत. उलट पत्र दोन पानी झालं की ते बाजूला ठेवलं जातं.

देण्याची पद्धत : पत्र छापून किंवा सुवाच्य लिहून, मॅडमच्या तासांमधल्या मोकळ्या वेळात हातात दे. ‘मॅडम, एका उदाहरणाबद्दल विनंती होती, सवडीने बघाल का?’ एवढं बोल आणि बाहेर ये. वर्गात सगळ्यांसमोर देऊ नकोस. तिथे त्यांना ‘माझंच बरोबर’ म्हणणं भाग पडतं. रात्री व्हॉट्सॲपवर उत्तरपत्रिकेचा फोटो पाठवू नकोस. त्याच पत्राची प्रत विभागप्रमुखांना आताच देऊ नकोस, ती तक्रार ठरते. पत्रात मैत्रिणीचं नाव किंवा तिचे गुण नकोत. ‘तिनेही हेच लिहिलं, तिला मिळाले’ असं म्हटलं की तिचे कमी होऊ शकतात, तुझे वाढायचे नाहीत. टक्केवारी, शिष्यवृत्ती, घरची परिस्थिती यांतलंही काही नको, त्याचा उत्तराच्या बरोबर-चूक असण्याशी संबंध नाही.

आठवडाभर उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करून दे. गुण भरायची तारीख जवळ असेल तर त्याआधी दोन-तीन दिवस. मॅडम म्हणाल्या की ‘ऊर्जा लागत नाही’ या वाक्याने अख्खं उदाहरणच रद्द होतं, तर तो त्यांचा तपासणीचा निकष झाला. तो सगळ्यांना सारखा लावला असेल तर मान्य कर. पण त्या म्हणाल्या की एसजीएलटीची वाहतूक फॅसिलिटेटेड डिफ्यूजनच आहे, तर प्रश्न तुझ्या गुणांपुरता राहत नाही, वर्गातल्या बाकीच्यांनीही ते उदाहरण लिहिलेलं असणार. तेव्हा पुस्तकाचं पान समोर ठेवून ‘मॅडम, सत्रान्त परीक्षेत हे उदाहरण कोणत्या प्रकारात लिहायचं?’ एवढंच विचार. त्यावरही त्या ठाम राहिल्या तरच विभागप्रमुखांकडे अर्ज, हेच पत्र आणि हीच दोन पानं जोडून, आणि मॅडमना आधी सांगून.

सत्रान्ताला हाच प्रश्न आला तर उत्तरात पेशीची दोन तोंडं दाखवणारी एक आकृती काढ : डावीकडे अन्नाच्या बाजूला एसजीएलटी-१ (२ सोडियम, १ ग्लुकोज आत), उजवीकडे रक्ताच्या बाजूला पंप (३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत, एटीपीचा बाण इथे) आणि त्याखाली ग्लूट-२, त्यावर ‘फॅसिलिटेटेड डिफ्यूजन’ असं स्पष्ट लिहून. व्याख्येत ‘संहतीच्या किंवा विद्युत-रासायनिक उताराविरुद्ध, ऊर्जा वापरून, ती ऊर्जा थेट एटीपीची किंवा दुसऱ्या आयनाच्या ग्रेडियंटची’ असे शब्द ठेव.